एन्जॉय, अव्हॉइड, डिसाइड, माइंड: पुढे ‘टू’ की ‘आयएनजी’? इंग्रजी वाक्य तपासायला नव्याने बसणाऱ्यांसाठी

इंदूरला राजवाड्यापासून चालत दहा मिनिटांवर आमचं एक छोटंसं वाचनालय आहे. दर रविवारी सकाळी पोहे-जिलबी आटोपली की तिथे एका टेबलावर चिठ्ठ्या जमतात. शिकणारी मंडळी आपापलं एकेक इंग्रजी वाक्य लिहून ठेवतात, आम्ही ते तपासून परत देतो. भंवरकुआँच्या क्लासला जाणारी मुलं असतात, दुकान सांभाळणाऱ्या वहिनी असतात, निवृत्तीनंतर हौसेने शिकणारे एक काकाही आहेत. तपासायला दरवर्षी नवे हात येतात आणि त्यातले बहुतेक एकाच ठिकाणी अडखळतात: एका क्रियापदामागून दुसरं आलं की त्याला ‘टू’ लावायचा की ‘आयएनजी’. शाळेत याला इन्फिनिटिव्ह आणि जेरंड म्हणतात. इथे मी ‘टू-रूप’ आणि ‘आयएनजी-रूप’ असंच म्हणेन.

मी स्वतः या कामात बऱ्यापैकी तोंडघशी पडले आहे, ते पुढे येईलच.

काय लागतं

शिकणाऱ्यांसाठी बनवलेला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश लागतो. ‘शिकणाऱ्यांसाठी’ हा शब्द महत्त्वाचा. घरातला जुना इंग्रजी-हिंदी किंवा इंग्रजी-मराठी कोश अर्थ देतो, पण त्या क्रियापदापुढे काय येतं ते बहुधा सांगत नाही. ही सोय कोशात आणणाऱ्यांपैकी एक म्हणजे जपानमध्ये इंग्रजी शिकवणारे ए. एस. हॉर्नबी. त्यांचा कोश पहिल्यांदा 1942 साली टोकियोत छापला गेला. वर्गातल्या पोरांच्या चुका रोज पाहणाऱ्या माणसाने केलेलं काम आहे, म्हणून आपल्या कामाला येतं. असा कोश खजुरी बाजारात जुना मिळाला तरी चालेल. या क्रियापदांची रचना पन्नास वर्षांत बदललेली नाही.

त्याखेरीज पेन्सिल. लाल पेन नको, कारण आपणही चुकतो. आणि तिसरी गोष्ट, लिहिणाऱ्याला मनात काय म्हणायचं होतं ते मराठीत. आम्ही चिठ्ठीच्या मागच्या बाजूला तेच लिहून घेतो.

## 1. आधी चिठ्ठी उलटी करून मराठी वाचा

नवा तपासनीस पहिल्यांदा इंग्रजी वाचतो, ‘माइंड टू’ दिसलं की पेन्सिल चालवतो आणि मोकळा होतो. एक खरी चिठ्ठी पाहा:

```
Would you mind to sit here?
```

नियम सरळ आहे. ‘हरकत असणे’ या अर्थाच्या ‘माइंड’पुढे आयएनजी-रूप येतं. मग ‘टू सिट’ खोडून ‘सिटिंग’ केलं की झालं? आमच्या एका नव्या मुलीने तसंच केलं. वाक्य व्याकरणात बसलं आणि अर्थ उलटला. चिठ्ठीच्या मागे मराठीत लिहिलं होतं, ‘मी इथे बसलो तर चालेल का?’ दुरुस्त वाक्याचा अर्थ मात्र झाला, ‘तुम्ही इथे बसाल का?’ लिहिणाऱ्याला रेल्वेच्या डब्यात शेजारची जागा विचारायची होती. आपण त्याच्या तोंडी समोरच्याला बसवण्याचं वाक्य घातलं.

याचं कारण असं, की आयएनजी-रूपाआधी कोणाचं नाव किंवा सर्वनाम नसलं तर ते काम करणारा वाक्याच्या कर्त्यालाच धरतात. इथे कर्ता ‘यू’ आहे, तेव्हा बसणारेही तेच. बसणारा ‘मी’ असेल तर तो वाक्यात घालावा लागतो:

```
Would you mind my sitting here?
Would you mind if I sat here?
```

पहिल्यात ‘माय’ जरा औपचारिक वाटतो, बोलताना त्या जागी इंग्रजी me हे कर्मरूपही सर्रास ऐकू येतं आणि ते चूक धरायचं नाही. दुसरं वाक्य शिकणाऱ्याला जास्त सोपं. तिथे ‘वुड’मुळे ‘सॅट’ असं भूतकाळी रूप येतं. ‘डू यू माइंड’ने सुरुवात केली तर साधं ‘सिट’. मी बहुतेक वेळा चिठ्ठीवर दुसराच पर्याय लिहून देते.

म्हणून मराठी आधी. काम कोण करणार आहे हे कळल्याशिवाय ‘माइंड’चं वाक्य दुरुस्त होत नाही.

## 2. कोणतं क्रियापद कोणावर राज्य करतंय ते पाहा

आता माझी फजिती. पहिल्याच वर्षी माझ्यापुढे हे वाक्य आलं:

```
She made up her mind to leave the job.
```

‘माइंड’ दिसलं, पुढे ‘टू’ दिसला. मी ऐटीत ‘टू लीव्ह’ खोडून ‘लीव्हिंग’ केलं. पुढच्या रविवारी तो मुलगा कोश घेऊनच आला. ‘काकू, इथे माइंड क्रियापद नाहीये ना? नाम आहे.’ बरोबर होतं त्याचं. ‘मेक अप वन्स माइंड’ म्हणजे मनाशी ठरवणं, आणि त्यापुढे ‘टू’च येतो, जसा ‘डिसाइड’पुढे येतो. त्याने आधीच बरोबर लिहिलेलं मी बिघडवलं होतं. लाल पेन मी त्या दिवशी ठेवून दिला.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली. शब्द पाहून थांबायचं नाही. ते क्रियापदच आहे का, आणि पुढचं क्रियापद खरंच त्याच्या ताब्यात आहे का, असे दोन प्रश्न विचारायचे. दुसरा प्रश्न न विचारल्याने होणारी गफलत अशी:

```
I avoided the market to save time.
```

‘अव्हॉइड’ आहे, पुढे ‘टू’ही आहे, तरी वाक्य शुद्ध आहे. इथे टाळलाय बाजार. ‘टू सेव्ह’ हे ‘वेळ वाचवण्यासाठी’ असं कारण सांगतंय, त्याचा ‘अव्हॉइड’शी थेट संबंध नाही. कसं ओळखायचं? ‘काय टाळलं?’ असा प्रश्न विचारा. उत्तर ‘बाजार’ आलं तर पुढच्या ‘टू’ला हात लावू नका. उत्तर ‘जाणं’, ‘भेटणं’, ‘बोलणं’ असं कृतीत आलं तरच तपासायचं.

उलटंही होतं. ‘डिसाइड’पुढे आयएनजी दिसलं म्हणजे चूकच, असं नाही:

```
He decided going by train was better.
```

यात ‘डिसाइडेड’नंतर ‘दॅट’ गाळला आहे. ‘रेल्वेने जाणं बरं’ हा त्याने काढलेला निष्कर्ष. ‘गोइंग’ हे पुढच्या ‘वॉज’चं कर्ता आहे. अशी वाक्यं शिकणाऱ्यांकडून क्वचितच येतात, पण आली तर खोडण्याआधी पुढे दुसरं क्रियापद वाट पाहतंय का ते बघा.

## 3. कोशातली ओळ शोधा

मनातल्या मनात वाक्य म्हणून ‘कानाला बरं वाटतं’ यावर जाऊ नका. आपला कान मराठीत आणि इंदूरच्या हिंदीत तयार झालेला आहे, इंग्रजीच्या बाबतीत तो बेधडक खोटं बोलतो. कोश उघडा. अर्थाखाली जाड अक्षरात किंवा उदाहरणात अशी ओळ सापडेल:

```
enjoy doing something
avoid doing something
mind doing something
decide to do something
```

तीन एकीकडे, एक दुसरीकडे. ‘एन्जॉय’च्या गटात ‘फिनिश’, ‘कीप’, ‘सजेस्ट’, ‘पोस्टपोन’ आणि ‘गिव्ह अप’ येतात. ‘डिसाइड’च्या गटात ‘होप’, ‘रिफ्यूज’, ‘प्रॉमिस’, ‘अ‍ॅग्री’, ‘मॅनेज’. आमच्या वहीत मधोमध रेघ मारून दोन रकाने केले आहेत. ज्या क्रियापदावर चूक सापडते तेच त्यात चढतं, बाकी पाठांतराच्या भानगडीत आम्ही पडत नाही.

कुणीतरी तुम्हाला सांगेल, की ‘टू’ पुढच्या काळाकडे बोट दाखवतो आणि आयएनजी हातातल्या किंवा होऊन गेलेल्या कृतीला लागतं. ‘डिसाइड’, ‘होप’, ‘प्रॉमिस’ यांना ते छान लागू पडतं. पण ‘पोस्टपोन’ म्हणजे पुढे ढकलणं! त्याहून पुढच्या काळाचं काय असणार? तरी त्याला आयएनजी लागतं. ‘अव्हॉइड’चंही तसंच, टाळलेली गोष्ट अजून घडलेलीच नसते. तेव्हा हे सूत्र गटातल्या क्रियापदांची आठवण ठेवायला वापरा, वाक्य नापास करायला वापरू नका.

## 4. चूक येते कुठून, ते मराठीत शोधा

या कामात मला सगळ्यात रस वाटतो तो इथे. ही तीन वाक्यं मोठ्याने म्हणा:

जायचं ठरवलं.
जायचं टाळलं.
जायला आवडतं.

शाळेत आपल्याला ‘टू गो म्हणजे जायला, जाण्यासाठी’ असं शिकवलेलं असतं. मग डोक्यात ‘-ायला’ आणि ‘-ायचं’ आलं की हात आपोआप ‘टू’ लिहितो. पहिल्या वाक्यात नशिबाने बरोबर येतं, कारण ‘डिसाइड’ला ‘टू’च हवा असतो. दुसऱ्या-तिसऱ्यात फसतं. म्हणजे ‘अव्हॉइड टू गो’ लिहिणारा बेफिकीर नसतो, तो आपल्या मराठीशी इमान राखून लिहीत असतो. इंदुरात त्यात हिंदीची भर पडते. ‘जाने से बचना’ डोक्यात असेल तर कधीकधी ‘अव्हॉइड फ्रॉम गोइंग’ असंही येतं. तिथे आयएनजी बरोबर असतं आणि ‘फ्रॉम’ जादा असतो, तेवढाच काढायचा.

यावर मी एक देशी चाचणी करते. मराठी वाक्यात ‘-ायचं’च्या जागी ‘-णं’ घालून पाहायचं. ‘जाणं टाळलं’ हे सहज बसतं. ‘जाणं ठरवलं’ मात्र खटकतं, तिथे ‘जायचं’च हवं. ‘-णं’ बसलं तर बहुधा आयएनजी, नाही बसलं तर बहुधा ‘टू’. ‘ओढणं सोडलं’, ‘जाणं पुढे ढकललं’ इथेही ती चालते. ‘स्टॉप’च्या बाबतीत तर फारच कामाची आहे. ‘बोलणं थांबवलं’ म्हणजे आयएनजी आणि ‘बोलायला थांबले’ म्हणजे ‘टू’. इंग्रजीतही नेमका हाच फरक आहे:

```
They stopped talking.
They stopped to talk.
```

पण ही चाचणी ‘माइंड’ला सपशेल नापास होते. ‘खिडकी उघडायला हरकत आहे का?’ यात ‘उघडणं’ घालताच येत नाही, आणि इंग्रजीत मात्र ‘ओपनिंग’च लागतं. ‘सजेस्ट’ही असाच फसवतो, ‘जायला सुचवलं’ म्हणणारा ‘सजेस्ट टू गो’ लिहिणारच. ‘एन्जॉय’ला ती अर्धवट चालते: ‘वाचायला आवडतं’ म्हटलं तर नाही कळत, ‘वाचण्यात मजा येते’ म्हटलं की ‘-ण्यात’ दिसतं आणि काम होतं. चाचणीचा निकाल आणि कोश यांचं भांडण झालं तर कोशाचं ऐकायचं.

## 5. एक चिठ्ठी पूर्ण तपासून पाहू

मागच्या पावसाळ्यात आलेली ही चिठ्ठी. लिहिणाऱ्या ताई कापडाच्या दुकानात हिशेब बघतात.

```
I decided to avoid to go by bus because
I don't mind to walk and I enjoy to see
the shops.
```

मागे मराठी: ‘बसने जायचं टाळायचं ठरवलं, कारण मला चालायला काही वाटत नाही आणि दुकानं बघायला मजा येते.’ सगळी कामं ‘मी’च करते आहे, म्हणजे कर्त्याचा घोळ नाही.

आता क्रियापदं डावीकडून एकेक घ्यायची. ‘डिसाइडेड’पुढे ‘टू अव्हॉइड’. कोश म्हणतो बरोबर, तिथे बोट लावायचं नाही. मग ‘अव्हॉइड’पुढे ‘टू गो’. काय टाळलं? जाणं. कृती आहे, म्हणजे ‘गोइंग’ हवं. ‘माइंड’ इथे क्रियापद आहे, ‘डोन्ट’ने ते पक्कं होतं, म्हणून ‘वॉकिंग’. ‘एन्जॉय’पुढे ‘सीइंग’.

आमच्या एका नव्या तपासनीसाने ही चिठ्ठी पाहून काय केलं, तर ‘अव्हॉइड’ आयएनजीवाला आहे हे आठवून ‘डिसाइडेड अव्हॉइडिंग’ केलं. साखळीत हा गोंधळ हमखास होतो. ‘अव्हॉइड’ आयएनजी लावायला सांगतं ते त्याच्या पुढच्या क्रियापदाला. त्याचं स्वतःचं रूप कोणतं, ते त्याच्या मागचं क्रियापद ठरवतं. घरात सासू सुनेला सांगते, सून पुढच्या सुनेला, तसं. प्रत्येकजण फक्त आपल्या पुढच्याला हुकूम देतो. (आमच्या ताईंना ही उपमा भलतीच पटली.)

```
I decided to avoid going by bus because
I don't mind walking and I enjoy seeing
the shops.
```

‘सीइंग द शॉप्स’पेक्षा ‘लुकिंग अ‍ॅट द शॉप्स’ जास्त सहज आहे. ते मी चिठ्ठीच्या खाली वेगळं, पेन्सिलने लिहिलं आणि त्यापुढे ‘चूक नाही’ अशी टीप घातली. दुरुस्ती आणि सल्ला एकाच शाईत लिहिला की शिकणाऱ्याला वाटतं सगळंच चुकलं.

## 6. दुरुस्ती करताना नवी चूक घालू नका

सगळ्यात जास्त दिसणारी अर्धवट दुरुस्ती म्हणजे ‘अव्हॉइड टू गोइंग’. आयएनजी लावलं आणि ‘टू’ काढायचा राहिला. म्हणून मी आधी ‘टू’ला गोल करते आणि तो खोडते, मगच पुढच्या शब्दाला हात घालते.

दुसरी जागा म्हणजे दोन आयएनजी लागोपाठ येतात तेव्हाची. ‘ही इज अव्हॉइडिंग मीटिंग मी’ हे कानाला विचित्र लागतं, आणि मग विचित्रपणा घालवायला लोक ‘अव्हॉइडिंग टू मीट’ करतात. विचित्र असलं तरी पहिलंच बरोबर आहे. फारच खुपत असेल तर काळ बदलून ‘ही अव्हॉइड्स मीटिंग मी’ करता येतं, पण अर्थात किंचित फरक पडतो, म्हणून लिहिणाऱ्याला विचारून.

नकार असेल तर ‘नॉट’ची जागा बघा. ‘डिसाइडेड नॉट टू गो’. आयएनजी-रूपाच्या बाबतीतही ‘नॉट’ त्याच्या आधीच बसतो.

## 7. जिथे पेन्सिल चालवायची नाही

‘लाइक’, ‘लव्ह’, ‘स्टार्ट’, ‘बिगिन’, ‘कंटिन्यू’ यांच्यापुढे दोन्ही रूपं चालतात. सोडून द्या. ‘आय लाइक टू रीड’ बदलून ‘रीडिंग’ करणारे तपासनीस मी पाहिले आहेत. ते ‘एन्जॉय’ची सवय ‘लाइक’वर चालवत असतात.

‘रिमेम्बर’, ‘फरगेट’, ‘ट्राय’ यांच्यापुढेही दोन्ही येतात, पण अर्थ बदलतो. इथे चिठ्ठीमागची मराठी वाचल्याशिवाय एक अक्षर बदलू नका. ‘दार लावायला विसरले’ असेल तर ‘टू’ हवा. ‘दार लावल्याचं मला आठवतं’ असेल तर ‘रिमेम्बर’पुढे आयएनजी हवं.

आणि एक तुम्हाला नक्की भेटेल: ‘लुक फॉरवर्ड टू’. अर्जाच्या शेवटी सगळेच लिहितात.

```
I look forward to hearing from you.
```

इथे ‘टू’ आणि आयएनजी शेजारी शेजारी बसले आहेत आणि दोघंही बरोबर आहेत, कारण हा ‘टू’ क्रियापदाचा नाही, नामाआधी येणारा आहे. ओळखायची खूण सोपी आहे. त्याच्यापुढे नुसतं नाम घालून पाहा: ‘लुक फॉरवर्ड टू युवर लेटर’ चालतं. ‘डिसाइड टू युवर लेटर’ चालत नाही. सहाव्या पायरीतला ‘टू’ खोडण्याचा उत्साह इथे आवरायचा.

## 8. ‘माइंड’च्या चिठ्ठीवर उत्तरही लिहून द्या

हे व्याकरणात मोडत नाही, पण राहवत नाही म्हणून. ‘वुड यू माइंड वेटिंग?’ असं कुणी विचारलं की आपली मंडळी मान डोलावून ‘यस, यस’ म्हणतात. प्रश्न आहे ‘तुम्हाला हरकत आहे का?’ आणि ‘यस’ म्हणजे ‘हो, हरकत आहे’. आमच्याकडची एक मुलगी मुलाखतीला गेली होती. बाहेर थांबायला सांगणाऱ्या बाईंना तिने हसून ‘यस’ म्हटलं आणि त्या क्षणभर तिच्याकडे बघतच राहिल्या. थांबायला तयार असाल तर उत्तर ‘नो’ने सुरू होतं:

```
No, not at all.
```

म्हणून ‘माइंड’चं प्रश्नार्थी वाक्य बरोबर असो वा चूक, चिठ्ठी परत देताना ही ओळ मी खाली लिहितेच.